लँडिंग पेजची तपासणी: आम्ही काय पाहतो आणि का

जाहिरातीवर बोट ठेवल्यावर ग्राहक ज्या पानावर उतरतो, ते लँडिंग पेज. त्यावर त्याने एकच गोष्ट करावी अशी अपेक्षा असते. देवगड हापूसची पेटी विकणारे एक नमुना पान घेऊन आमची तपासणी कशी चालते ते इथे सांगतो. पान ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर पाहायचे. आंब्याची जाहिरात बहुतेक लोक फोनवरच उघडणार, त्यामुळे लॅपटॉपवर ते कितीही देखणे दिसले तरी त्याचा उपयोग थोडाच.

आधी पान धूसर करून पाहतो

पहिल्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट घेऊन तो फोटो-एडिटरमध्ये इतका धूसर करतो की एकही अक्षर वाचता येऊ नये. मग नजर आधी कुठे जाते, नंतर कुठे, ते क्रमाने लिहून काढतो. नमुना पानावर आधी आंब्याचा फोटो दिसला, मग ‘सवलत’ लिहिलेला लाल गोल, मग वरचे हिरवे व्हॉट्सॲप बटण. मागणी नोंदवायचे बटण दिसलेच नाही. कारण ते नारिंगी होते आणि आंब्याच्या फोटोवरच बसवले होते.

अशा वेळी ‘बटण मोठे करा’ ही सूचना हमखास येते. पण बाकीचे तिघे ओरडत असताना चौथ्याने आवाज चढवून भागत नाही. लाल गोल काढून सवलत साध्या अक्षरांत किमतीशेजारी लिहायची, व्हॉट्सॲपचे बटण नुसत्या कडेचे करायचे आणि मुख्य बटण फोटोखाली पांढऱ्या जागेत आणायचे. भरीव रंगाचे बटण एका स्क्रीनवर एकच असावे.

बटणावरचे शब्द

‘सबमिट’ किंवा ‘अधिक माहिती’ वाचून दाबल्यावर काय होईल ते कळत नाही. ‘२ डझनाची पेटी मागवा’ वाचून कळते. मात्र दाबल्यावर खरोखर मागणीच सुरू झाली पाहिजे. पुढे फक्त नाव आणि फोन नंबर विचारणार असाल, तर ‘आम्हाला फोन करायला सांगा’ असे लिहा. बटणाखाली एक ओळ शंकेसाठी ठेवा: ‘आधी पिनकोड तपासू, पैसे नंतर.’ हेच बटण खाली पुन्हा येत असेल तर शब्द आणि रंग तेच ठेवा. वर ‘मागवा’ आणि खाली ‘बुक करा’ असेल, तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे वाटते.

मोकळी जागा

नमुना पानावर पेटीचा फोटो, खाली किंमत, मग पुढच्या पेटीचा फोटो अशी रचना होती आणि प्रत्येक अंतर २४ पिक्सेल. त्यामुळे १ डझनाची किंमत खालच्या २ डझनाच्या पेटीची वाटत होती. किंमत तिच्या फोटोपासून ८ आणि पुढच्या फोटोपासून ३२ पिक्सेलवर नेली की गोंधळ मिटतो. एका गटातले अंतर दोन गटांमधल्या अंतरापेक्षा स्पष्टपणे कमी हवे, नियम एवढाच.

इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर भरला की आणखी दोन गोष्टी बिघडतात. ओळींची उंची १.२ असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात, ती १.६ च्या आसपास हवी. आणि बटणासाठी अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर दिलेले असेल, तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. ते अंतर शून्य करा.

रंगांचा कॉन्ट्रास्ट

वेब सुलभतेच्या WCAG मानकाच्या AA पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांचा ३:१. आंब्याच्या पानावर सहज निवडला जाणारा नारिंगी `#FF9800` आणि त्यावर पांढरी अक्षरे, हा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.२:१ भरतो. भर उन्हात फोन धरला की ‘मागवा’ पुसल्यासारखे होते. दोन उपाय आहेत. नारिंगी तोच ठेवून अक्षरे `#212121` करा, म्हणजे साधारण ७.५:१ मिळतो. किंवा पांढरी अक्षरे ठेवून रंग गडद करा. खालच्या रंगात ५.२:१ येतो. आम्ही दुसरा सुचवू, कारण गडद बटण पांढऱ्या पानावरही उठून दिसते.

```css
.order-button {
  background: #C2410C;
  color: #FFFFFF;
  min-height: 48px;
  padding: 12px 24px;
  line-height: 1.6;
  letter-spacing: 0;
}
```

हे तुम्हालाही तपासता येते. क्रोममध्ये अक्षरांवर राइट क्लिक करून Inspect निवडा आणि Styles मध्ये `color` शेजारचा रंगाचा चौकोन दाबा. तिथे Contrast ratio दिसतो. फोटोवर लिहिलेल्या अक्षरांसाठी मात्र हा आकडा भरवशाचा नाही. तिथे अक्षरे पांढरी असतील तर त्यांच्यामागचा सगळ्यात उजळ ठिपका, गडद असतील तर सगळ्यात गडद ठिपका शोधून, त्याचा रंग घेऊन हाताने तपासावे लागते.

आमच्याकडे काय पाठवाल

पानाची लिंक, त्यावर आणणारी जाहिरात आणि ग्राहकाने तिथे काय करावे याचे एक वाक्य. वाक्यात ‘आणि’ आला तर आम्ही फोन करून विचारू, दोन्हींपैकी कोणते. दुरुस्तीनंतर मागण्या किती वाढतील याचा आकडा आम्ही देत नाही. आंब्याचा भाव आणि पोहोचवण्याचा खर्चही त्यात येतो, आणि ते डिझाइन पाहून कळत नाही.