दर आठवा फ्लॅट

समजा एका सोसायटीत ४८० फ्लॅट आहेत आणि घरटी रोज किती पाणी वापरलं जातं ते काढायचंय. सगळ्यांकडे जायला वेळ नाही, ६० घरं पुरे. सेक्रेटरीकडून यादी मिळते: १०१, १०२, १०३, १०४, मग २०१, २०२... ४८० भागिले ६० म्हणजे ८. एक ते आठमधली एक चिठ्ठी उचलायची आणि तिथून दर आठवा फ्लॅट घ्यायचा. याला पद्धतशीर नमुना निवड म्हणतात. सोपी आहे, आणि यादी वीजबिलाच्या चढत्या क्रमाने असती तर नुसत्या चिठ्ठ्यांपेक्षा सरस ठरली असती, कारण लहान-मोठे सगळेच ग्राहक आपसूक आले असते.

आता चिठ्ठीत ४ आला. चौथा फ्लॅट १०४, बारावा ३०४, विसावा ५०४. मजल्यावर चारच दारं, त्यामुळे आठ-आठची उडी दर वेळी ०४ वरच पडते. ०१ आणि ०४ हे कोपऱ्यातले थ्री बीएचके, मधले दोन टू बीएचके. मोठ्या घरात सरासरी ७०० लिटर आणि लहान घरात ५०० लिटर लागतात असं धरलं, तर खरी सरासरी ६००. आपल्या हाती मात्र ७००. चिठ्ठी २ निघाली असती तर ५००. आठही चिठ्ठ्यांची सरासरी ६०० येते, म्हणून कागदावर पद्धत निर्दोष. पण आपण चिठ्ठी एकदाच उचलतो, आणि कुठल्याच चिठ्ठीत ६०० नाही.

खरी मेख पुढे आहे. निवडलेली साठही घरं एकाच जातीची, त्यामुळे त्यांच्या आकड्यांत फरक थोडा, समजा ४० लिटरच्या आसपास. नेहमीच्या सूत्राने ४० ला ६० च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे उत्तर साधारण कितीने चुकू शकतं याचा अंदाज, येते जेमतेम ५ लिटर. उत्तर १०० लिटरने चुकलंय आणि आकडेमोड म्हणते, अगदी नेमकं! नमुन्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी हे त्यात दिसत नाही.

उडी ७ ची घेतली तर चारही दारं येतात, कारण ७ आणि ४ यांना सामाईक विभाजक नाही. सहाची उडी मात्र फक्त ०२ आणि ०४ (किंवा ०१ आणि ०३) गाठते. इथे त्यात एक मोठं, एक लहान घर येऊन हिशेब जुळतो, तो निव्वळ योगायोग.

पण यादीतली आवर्तनं आधी ठाऊक असतातच असं नाही. अशा वेळी एकच लांब माळ घेण्याऐवजी पाच वेगवेगळ्या चिठ्ठ्या उचलाव्यात, उडी ४० ची ठेवावी आणि प्रत्येक माळेत १२ घरं घ्यावीत. एकूण घरं तेवढीच. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या पाहणीत असेच स्वतंत्र उपनमुने एकमेकांत गुंफले होते. त्यांचा रोख मुख्यतः पाहणी करणाऱ्यांच्या चुका पकडण्यावर होता, पण युक्ती इथेही चालते. पाच माळांची उत्तरं ७००, ५००, ७००, ७००, ५०० अशी आली की यादीत काहीतरी दडलंय हे लगेच कळतं. पाचही माळा एकाच जातीच्या घरांवर पडण्याची वेळ वीसेक खेपांत एखादी.