घुबड दिसलं तरी वाचायचा ‘म’

‘इजिप्तच्या चित्रलिपीत प्रत्येक चित्र म्हणजे एक शब्द ना?’

नाही, बहुतेक चित्रं उच्चारासाठीच असतात. मृतांसाठीच्या मंत्रांच्या शीर्षकातला ‘प्रत म ह्रव’, म्हणजे ‘दिवसा बाहेर येणं’, हा तुकडा घ्या. घराचं चित्र ‘प्र’ हा आवाज देतं. पुढचं तोंड त्यातलाच ‘र’ पुन्हा दाखवतं, तो दोनदा वाचायचा नाही. पाव म्हणजे ‘त’. शेवटचे चालते पाय मुके. शब्द हालचालीचा आहे, एवढंच ते सांगतात. घुबड म्हणजे नुसता ‘म’. ‘ह्रव’मध्ये आडोसा, तोंड आणि लाव्याचं पिल्लू आवाज देतात, सूर्य मुका राहून काळाचा अर्थ पक्का करतो. घराखाली उभी रेघ असेल, तर मात्र सहसा ते खरंच घर. स्वर लिहीत नसत, त्यामुळे ‘पेरेत एम हेरू’ हा अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला उच्चार आहे.