एका आजोबांसाठी दोनदा अनेकवचन

तमिळमध्ये नात आपल्या आजोबांना पत्र लिहिते तेव्हा एक साधा प्रश्न असा लिहिते: ‘तांगळ् एप्पोदु वरुवीर्गळ्?’ म्हणजे ‘आपण कधी याल?’ हाच प्रश्न ती मैत्रिणीला पत्रातून विचारेल तर ‘नी एप्पोदु वरुवाय्?’ असं लिहील. मैत्रीण समोर असेल तर पत्रातलं हे वाक्यही तिच्या तोंडी येणार नाही. ती म्हणेल, ‘नी एप्पो वरुवे?’ आणि आजोबा समोर बसले असतील तर, ‘तात्ता, नींग एप्पो वरुवींग?’

या चार वाक्यांत दोन वेगळे फरक आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला फरक लिहिण्याचा आणि बोलण्याचा. तमिळची लेखी भाषा आणि घरातली भाषा यांत बरंच अंतर आहे. लिहिताना क्रियापदाचा प्रत्यय पूर्ण उमटतो, बोलताना तो झिजतो. ‘वरुवाय्’चं ‘वरुवे’ होतं, ‘वरुवीर्गळ्’चं ‘वरुवींग’. यात मानाचा काही संबंध नाही. मैत्रिणीच्या पत्रात भाषा पुस्तकी असली तरी ‘नी’ म्हणजे ‘तू’ कायम राहतो, त्यातून कुणी दुरावा वाचत नाही. दुसरा फरक मात्र मानाचा, आणि तो वचनातून दाखवला जातो. माणूस एक, पण सर्वनाम आणि क्रियापद अनेकवचनी.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘बाबा आले’ म्हणताना आपणही तेच करतो. तमिळमध्ये लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. तिथे मानासाठी वापरलेलं अनेकवचन कालांतराने साधं वाटू लागलं, मग त्यावर आणखी एक अनेकवचनी प्रत्यय चढवला गेला, आणि हे सगळे थर आजच्या भाषेत उघडे दिसतात.

‘येशील’ या अर्थाची तीन रूपं शेजारी ठेवू: वरुवाय्, वरुवीर्, वरुवीर्गळ्. पहिलं ‘नी’चं, म्हणजे एकवचनी. दुसरं ‘नीर्’ या सर्वनामाचं. ‘-ईर्’ हा मुळात अनेकांना उद्देशून वापरायचा प्रत्यय. एका माणसाला मान द्यायला तो वापरला जाऊ लागला आणि खऱ्या अनेकवचनासाठी वेगळी खूण हवीशी झाली. ती खूण मिळाली ‘-गळ्’ या प्रत्ययात. जुन्या तमिळमध्ये हा प्रत्यय माणसांसाठी नव्हता, तो मानवेतर नामांना लागे. माणसांचं अनेकवचन ‘-अर्’ने व्हायचं. ‘-अर्’ आणि ‘-ईर्’ मानात खर्ची पडले तसा ‘-गळ्’ माणसांनाही लागला. मग ‘-गळ्’ही मानाच्या कामाला जुंपला गेला. म्हणून ‘वरुवीर्गळ्’मध्ये अनेकवचनाच्या दोन खुणा आहेत, आणि पत्र मात्र एकाच आजोबांना चाललेलं असतं.

तृतीय पुरुषातही हेच घडलं. ‘अवर्’ म्हणजे पूर्वी अनेकजण, आज आदरार्थी ‘ते’ किंवा ‘त्या’. अनेकांसाठी ‘अवर्गळ्’ आलं, आणि तेही आता नावापुढे मानाने लागतं. पत्राचा मायना ‘मदिप्पिऱ्कुरिय तात्ता अवर्गळुक्कु’ असा असतो, शब्दशः ‘आदरणीय आजोबा त्यांना’.

मधलं ‘नीर्’ संपलं नाही, पण त्याची जागा घसरली. आजोबांना आज कुणी ‘नीर्’ लिहिणार नाही, ते रुक्ष वाटेल. तमिळ बायबलमध्ये मात्र देवाला ‘नीर्’च म्हटलेलं आहे. उलट त्याहून कितीतरी जुन्या संगम काव्यात कवी थेट राजाला ‘नी’ म्हणतात आणि त्यात उद्धटपणा नाही. तमिळच्या सर्वांत जुन्या उपलब्ध व्याकरणग्रंथाने, तोल्काप्पियमने, या चालीची नोंद मोठ्या गमतीदार सावधपणे केली आहे. एका व्यक्तीसाठी अनेकवचनी शब्द वापरणं ही वापरात रूढ झालेली आदराची बोली आहे, व्याकरणाच्या वाटेने ते शब्द तसे नाहीत, असं तिथलं एक सूत्र सांगतं. म्हणजे चाल मोडीत काढली नाही आणि नियम म्हणून मान्यही केली नाही. व्याकरणकार वापरापुढे असा हात टेकतो तेव्हा मला तो फार आवडतो.

आता ‘तांगळ्’. थोरांना लिहिलेलं पत्र ओळखू येतं ते याच शब्दावरून. ‘तान्’ म्हणजे स्वतः, आणि ‘तांगळ्’ हे त्याचं अनेकवचन. ‘ते आपापल्या घरी गेले’ अशा वाक्यातलं ‘आपापल्या’ तमिळमध्ये त्याच्याच षष्ठीच्या रूपाने, ‘तंगळ्’ने, सांगतात. पत्रात तोच शब्द समोरच्याला उद्देशून येतो: ‘तंगळ् कडिदम् किडैत्तदु’, आपलं पत्र मिळालं. समोरच्याकडे थेट बोट न दाखवता ‘स्वतः’ या शब्दाआडून त्याला संबोधायचं, ही रीत मराठीच्या ‘आपण’मध्येही अगदी तशीच आहे, तोही शब्द मूळचा ‘स्वतः’चाच. आणखी एक साम्य असं की दोन्हीकडे या सर्वनामाला स्वतःचं क्रियापद नाही. ‘आपण याल’मध्ये ‘तुम्ही’चं क्रियापद उसनं आहे, ‘तांगळ् वरुवीर्गळ्’मध्ये ‘नींगळ्’चं. म्हणून चूक होते ती इथेच. ‘तांगळ् वरुवाय्’ असं कुणी लिहिलं की मान आणि क्रियापद वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि पत्र कुठून तरी उतरवून घेतल्यासारखं दिसतं. मित्राशी बोलताना ‘तांगळ्’ काढलं तर तो थट्टाच समजेल.

अनेकवचन मानात गुंतल्यामुळे एक व्यावहारिक अडचणही येते. ‘नींगळ् एप्पोदु वरुवीर्गळ्?’ हा प्रश्न एकट्या आजोबांना आहे की आजीलाही? वाक्यावरून कळत नाही. म्हणून दोघांना बोलवायचं असेल तर ‘नींगळुम् पाट्टियुम्’, तुम्ही आणि आजीही, असं उलगडून लिहावं लागतं. आजीची चौकशी करताना दुसरी एक गोष्ट दिसते. पत्रात ‘पाट्टि एप्पडि इरुक्किऱार्?’ असतं, आणि हे ‘-आर्’ पुरुष-स्त्री दोघांनाही चालतं. बोलताना आजोबा ‘इरुक्कारु’ आणि आजी ‘इरुक्कांग’. बोलीत ‘-आरु’ बहुतेक पुरुषांकडे राहिला आणि बाईला मान द्यायला पुन्हा अनेकवचन लागलं.

आजोबांचं उत्तर मात्र या सगळ्या शिडीवरून खाली येतं. मायन्यात ‘चिरंजीवि’, मजकुरात ‘नी’, शेवटी आशीर्वाद. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन यांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतल्या तू-तुम्हीवर लिहिताना हा भेद मांडला होता: दोन्ही बाजूंनी सारखं संबोधन असेल तर जवळीक किंवा परकेपणा, एकतर्फी असेल तर अधिकार. पण अनेक तमिळ घरांत वडिलांना ‘नींग’ आणि आईला ‘नी’ असतं, जसं आपल्याकडे ‘बाबा, तुम्ही’ आणि ‘आई, तू’. दोघांचं वय आणि अधिकार मुलापेक्षा मोठाच, तरी आईच्या बाबतीत जवळीक वरचढ ठरते.

समवयस्कांत ‘नी’च्या पुढे ‘डा’ आणि ‘डी’ येतात: ‘वाडा’, ये रे. आणि मानाचा ‘-ंग’ बोलीत इतका सैल झाला आहे की तो क्रियापद सोडून कुठेही चिकटतो. ‘आमांग’ म्हणजे नुसतं ‘हो’, पण मानाने. तिथे अनेकवचन करायला काही उरलेलंच नसतं. कोइंबतूरकडच्या कोंगु भागात तर लहान मुलालाही लाडाने ‘वांग’ म्हणतात.

फोन आणि मेसेजच्या काळात आजोबांना ‘तांगळ्’ लिहिणारी नात कमी दिसते. ती बोलते तसंच टाइप करते, ‘एप्पो वरुवींग तात्ता?’ ‘-ंग’ तेवढा ती गाळत नाही. लग्नपत्रिकेच्या तळाशी मात्र यजमानांच्या नावावर आजही ‘तंगळ् नल्वरवै विरुंबुम्’ छापलेलं असतं, आपल्या आगमनाची इच्छा करणारे, आणि ती पत्रिका ‘नी’ म्हणायच्या मित्रालाही तशीच दिली जाते.