कोलोनचे दहा ताव

माझ्या कथेतला छापखानेवाला रात्री दिवा बारीक करतो, दोरीवर वाळत घातलेले ताव उतरवतो आणि एका लॅटिन ग्रंथाच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवून देतो. सकाळी धर्मपीठाची माणसं येतात, वरचे चार ताव उचलून बघतात आणि निघून जातात. हा माणूस मी रचलेला आहे. त्याच्यामागची घटना मात्र खरी आहे. ती १५२५ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात घडली आणि माझ्या कथेपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे. त्या खऱ्या घटनेत पानं छापखानेवाल्याने वाचवली नाहीत. उलट बातमी फुटली ती छापखान्यातूनच.

पुस्तक होतं बायबलमधल्या नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर. इंग्रजी पुस्तक छापायला जर्मनीत का जावं लागलं, हा पहिला प्रश्न. देशी भाषेतल्या बायबलवर युरोपभर सरसकट बंदी होती, असा एक समज आहे; तो बरोबर नाही. पोपच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाने आपलं भाषांतर छापण्याआधीच जर्मन भाषेत अठरा बायबलं छापून झाली होती. इंग्लंडचं प्रकरण वेगळं होतं. तिथे चौदाव्या शतकात जॉन विक्लिफच्या अनुयायांनी इंग्रजी बायबलच्या हस्तलिखित प्रती गावोगाव फिरवल्या होत्या. त्याचा धसका घेऊन आर्चबिशप टॉमस अरुंडेल याने नियम केला की बिशपच्या परवानगीशिवाय कोणी धर्मग्रंथाचं इंग्रजीत भाषांतर करायचं नाही आणि असं भाषांतर वाचायचंही नाही. हा नियम १४०९ पासून लागू होता. एका माणसाकडे भाषांतराची हौस, विद्वत्ता आणि पैसा असला, तरी बिशपच्या सहीवाचून सगळं फुकट.

विल्यम टिंडेल ही सही मागायला १५२३ मध्ये लंडनला गेला. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा पाद्री ग्रीक उत्तम जाणत होता. बिशप कथबर्ट टन्स्टॉल स्वतः विद्वान, त्यामुळे तो आश्रय देईल अशी टिंडेलची आशा. बिशपने आपल्याकडे जागा नाही असं सांगून त्याची बोळवण केली. मग त्याला हात दिला तो हंफ्री मॉनमाउथ नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने. कथेत मी व्यापारी फक्त एका ओळीत आणलाय, पण खरं बघता हे सगळं प्रकरण कापडवाल्यांच्या पैशावर आणि त्यांच्याच जहाजांवर चाललेलं होतं. १५२४ मध्ये टिंडेल समुद्र ओलांडून जर्मनीत आला. पुढच्या वर्षी तो आणि त्याचा मदतनीस विल्यम रॉय कोलोनमध्ये पेटर क्वेंटेलच्या छापखान्यात जाऊन पोचले.

क्वेंटेल ल्यूथरचा माणूस नव्हता. कोलोन हे कट्टर कॅथलिक शहर आणि क्वेंटेलचा छापखाना तिथला नामांकित. कॅथलिक पंडितांची पुस्तकं हा त्याचा नेहमीचा धंदा. तरीही त्याने हे काम घेतलं, कारण छपाईचा खर्च इंग्रज व्यापारी देणार होते. त्याला वीर म्हणावं की संधिसाधू, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून कथेत मी त्याला घेतलंच नाही.

आता छपाईची रीत थोडी समजून घ्यायला हवी, कारण लपवण्याचा सगळा प्रश्न तिच्यात आहे. पुस्तक चौपानी आकाराचं होतं. म्हणजे कागदाचा मोठा ताव दोनदा दुमडायचा, त्याची चार पानं, आठ पृष्ठं होतात. तावाच्या एका बाजूवर पृष्ठं १, ४, ५ आणि ८ छापायची, दुसऱ्या बाजूवर २, ३, ६ आणि ७, काही सुलटी, काही उलटी. न दुमडलेला ताव हातात आला तर अनोळखी माणसाला मजकुराचा सलग धागा लागत नाही. प्रत्येक तावाच्या तळाशी ए, बी, सी अशी खूण असते, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. माझ्या छापखानेवाल्याची युक्ती यावरच उभी आहे.

पण हीच रीत त्याच्या जिवावरही उठते. कुठल्याही छापखान्यात सबंध पुस्तक एकदम जुळवून ठेवण्याइतके खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, नसत. एक ताव छापून झाला की जुळारी खिळे सोडवायचा, धुवायचा आणि खणांत परत टाकायचा. त्याच खिळ्यांनी पुढचा ताव जुळवला जाई. म्हणून ‘ए’ तावाच्या प्रती गेल्या की तो ताव गेला, पुन्हा अक्षर अक्षर जुळवावं लागणार. छापलेला कागद हीच कमाई, आणि ती लपवायला मोठी. प्रती काढायच्या होत्या तीन हजार. एका यंत्रावर दिवसाला हजार-बाराशे तावांची एक बाजू निघते असं धरलं, तर एका तावाच्या तीन हजार प्रती दोन्ही बाजूंनी छापायला पाचेक दिवस लागतात. छपाई ‘के’ या खुणेपर्यंत पोचली होती. त्या खुणांत जे नसतो, म्हणजे ताव झाले दहा. तीस हजार कागद! माझ्या ढोबळ हिशेबाने तीनशे किलोच्या आसपास वजन. गादीखाली ठेवण्यासारखी ही वस्तू नव्हे.

बातमी फुटली ती योगायोगाने. योहान कोक्लेउस हा ल्यूथरचा हाडवैरी पंडित शेतकऱ्यांच्या बंडामुळे फ्रँकफर्ट सोडून कोलोनला आला होता. बाराव्या शतकातला मठाधिपती, डॉइट्झचा रुपर्ट, याचे जुने ग्रंथ छापून घेण्याच्या खटपटीत तो होता. त्यामुळे छापखान्यातल्या लोकांशी त्याचं जाणंयेणं. इंग्लंडच्या राजाला आवडो न आवडो, सगळं इंग्लंड लवकरच ल्यूथरवादी होणार, अशी फुशारकी त्याने कामगारांच्या तोंडून ऐकली. त्याने त्यातल्या काहींना बिऱ्हाडी बोलावलं आणि भरपूर वाइन पाजली. एकाने सगळं ओकलं: नव्या कराराच्या तीन हजार इंग्रजी प्रती यंत्रावर आहेत, पैसा इंग्रज व्यापाऱ्यांचा, माल गुपचूप इंग्लंडभर पोचवायचा. ही हकीकत आपल्याला कळते ती खुद्द कोक्लेउसच्या लिखाणातून. स्वतःच्या चतुराईचं वर्णन माणूस थोडं फुगवून करणार, हे लक्षात ठेवून ती वाचावी. पण आकडे आणि नावं त्याने नीट दिली आहेत.

कोक्लेउस गेला हेर्मान रिंककडे. हा कोलोनचा बडा सरदार, इंग्लंडच्या राजाच्या ओळखीतला. रिंकने आधी माणूस पाठवून छापखान्यात कागदाचा साठा खरोखर आहे का ते पाहून घेतलं आणि मग नगरसभेकडून छपाई बंद करण्याचा हुकूम आणला. पाहणी आणि हुकूम यांच्या मधला जो वेळ, तेवढाच टिंडेल आणि रॉयच्या हातात. त्यांनी छापलेले ताव उचलले, बोटीत घातले आणि ऱ्हाइन नदीतून वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, व्होर्म्सकडे निघाले. तिथे ल्यूथरच्या मताचा जोर होता. रिंक आणि कोक्लेउस यांनी इंग्लंडला पत्रं धाडून बंदरांवर नजर ठेवायला सांगितलं.

व्होर्म्समध्ये चौपानी पुस्तक पूर्ण झालं नाही. तिथल्या पेटर शोफरने १५२६ मध्ये नवा करार नव्याने छापला. ताव तीनदा दुमडलेला, म्हणजे आकार निम्मा. प्रस्तावना नाही, समासातल्या टिपा नाहीत, भाषांतरकाराचं नाव नाही, छापणाऱ्याचंही नाही. कोलोनच्या तावांत समास टिपांनी भरलेले होते आणि त्यातल्या बऱ्याच ल्यूथरवरून घेतलेल्या. धर्मपीठाच्या दृष्टीने खरं विष त्या समासात होतं. मात्र टिपा काढूनही संशय गेला नाही, कारण काही शब्दच अडचणीचे होते. जिथे ‘चर्च’ हा शब्द अपेक्षित होता तिथे टिंडेलने ‘मंडळी’ अशा अर्थाचा शब्द घातला, आणि ‘प्रायश्चित्त करा’ऐवजी ‘पश्चात्ताप करा’. पाद्र्यासमोर कबुली आणि त्याने दिलेलं प्रायश्चित्त यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला हा शब्दभेद पुरेसा झोंबणारा होता.

छोट्या आकाराचं हे पुस्तक कापडाच्या गठ्ठ्यांतून इंग्लंडमध्ये उतरलं. ज्या टन्स्टॉलने जागा नाही म्हटलं होतं, त्यानेच ऑक्टोबर १५२६ मध्ये प्रती जमा करण्याचा हुकूम काढला आणि सेंट पॉल कॅथिड्रलच्या आवारात त्यांची होळी झाली. टिंडेल १५३५ मध्ये अँटवर्पला पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला गळा आवळून मारून जाळलं. छापणारेही सुटले नाहीत. अँटवर्पच्या याकोब फान लिसफेल्टचं डोकं १५४५ मध्ये उडवण्यात आलं. त्याने डच बायबल छापलं होतं. माझ्या कथेतल्या माणसाच्या मनातली भीती मी लिसफेल्टकडून उसनी घेतली आहे.

मग कोलोनच्या तीस हजार कागदांचं काय झालं? काही इंग्लंडमध्ये पोचले आणि वाचले गेले असावेत. आज त्यांतली फक्त एकतीस पानं उरली आहेत, तीही एका प्रतीची. १८३० च्या दशकात लंडनच्या टॉमस रॉड या पुस्तकविक्रेत्याला ती दुसऱ्याच एका पुस्तिकेला जोडून बांधलेली सापडली. म्हणजे दुसऱ्या ग्रंथात पानं दडवण्याची माझी कल्पना अगदीच हवेतली नाही, फक्त इथे ती बांधणाऱ्याच्या हातून झाली. ‘ए’ ते ‘एच’ असे आठ ताव, प्रत्येकी चार पानं. बत्तीसातलं शीर्षकाचं पान गेलेलं. ना गावाचं नाव, ना छापणाऱ्याचं. ही पानं कोलोनचीच हे कसं ठरवायचं?

त्यात एक लाकडी ठशातलं चित्र आहे: संत मत्तय लिहायला बसला आहे आणि देवदूत त्याच्यासमोर दौत धरून उभा आहे. हाच ठसा क्वेंटेलने १५२६ मध्ये दुसऱ्या एका पुस्तकात वापरला, पण तिथे तो कडेने कापून लहान केलेला आहे. लाकूड एकदा कापलं की परत वाढत नाही, त्यामुळे अखंड चित्राची पानं आधीची. आणि ते दुसरं पुस्तक कोणतं, तर डॉइट्झच्या रुपर्टचं मत्तयाच्या शुभवर्तमानावरचं भाष्य, म्हणजे कोक्लेउसच्याच खटपटीतलं. ज्याने छपाई बंद पाडली त्याचंच पुस्तक आज त्या पानांच्या वतीने साक्ष देतं. असा योग मी कथेत घातला असता तर वाचकांनी मला हसून सोडून दिलं असतं.

इथे गोव्याची आठवण येते. तिथे जेझुइटांनी १५५६ मध्ये छापखाना आणला आणि थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सगळं रीतसर, धर्मपीठाच्या संमतीने. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतली एकही छापील प्रत आज माहीत नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांवर. परवानगी होती तरी कागद टिकला नाही.

कोलोनची एकतीस पानं सध्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ती मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात, बाराव्या वचनाशी संपतात. लग्नाच्या मेजवानीचा दाखला चालू आहे, साजेसा पोशाख न घालता एक पाहुणा पंगतीत येऊन बसला आहे आणि यजमान त्याला विचारतोय, मित्रा, तू इथे आत आलास तरी कसा? पुढचा ताव नाही.