सीआरओच्या अ‍ॅटेन्युएटरला प्रत्येक रेंजला दोन-दोन ट्रिमर का असतात, त्याची पार्श्वभूमी

जुना अ‍ॅनालॉग सीआरओ, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा सेट, उघडला की व्होल्ट्स पर डिव्हिजनच्या स्विचमागं पत्र्याचा एक डबा दिसतो, तोच सिग्नल भागून कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर, त्यावर बारीक भोकं आणि भोकांत ट्रिमर, म्हणजे स्क्रूनं फिरवायचे छोटे कपॅसिटर. उद्यमनगरात रिपेअरला येणाऱ्या सेटमध्ये हे ट्रिमर कुणीतरी आधीच फिरवून ठेवलेले असतात, आणि पॉलिटेक्निकची पोरं हमखास विचारतात की सर, व्होल्टेज भागायला दोन रेझिस्टर पुरे की, मग हे कपॅसिटर कशाला आणि तेही एका रेंजला दोन? उत्तर बरंच मागं जातंय.

सुरुवातीच्या साध्या सीआरओत व्होल्टेज कमी करायला एक पॉट असायचा, रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा. समजा १ मेगाओहमचा पॉट मधोमध ठेवलाय, तर दोन्ही अर्धे पॅरलल धरून पुढच्या व्हॉल्व्हला २५० किलोओहममधून सिग्नल मिळतो, आणि व्हॉल्व्हची ग्रिड, वायरिंग सगळं धरून तिथं २० पिकोफॅराड सहज जमा होतं. दोघांचा गुणाकार ५ मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण ३२ किलोहर्ट्झच्या पुढं सिग्नल पडायला लागला. आवाजाच्या कामाला हे चालून जायचं, पण टेलिव्हिजन आणि नंतर रडारच्या पल्सना अजिबात नाही, कारण तिथं सगळा जीव पल्सच्या कोपऱ्यात असतो आणि नेमका तोच कोपरा पॉट गोल करून टाकायचा.

उपाय मात्र त्याआधीच तारेच्या काळात कागदावर होता. १९व्या शतकात समुद्राखालच्या केबलवर काम करणाऱ्या द सॉटीच्या नावानं ओळखला जाणारा एक ब्रिज आहे: एका बाजूला दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, दुसऱ्या बाजूला दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, दोन्ही जोड्या एकाच सोर्सवर, आणि मधल्या दोन बिंदूंमध्ये मीटर. R1·C1 = R2·C2 झालं की मीटर शून्यावर, कारण रेझिस्टर जेवढं भागतायत तेवढंच कपॅसिटरही भागतायत. आता तो मीटर काढून तिथं सरळ वायर जोडा, झाला कॉम्पेन्सेटेड डिव्हायडर! बॅलन्स असेल तर त्या वायरमधून करंटच जात नाही, म्हणून स्लो सिग्नल रेझिस्टरनं भागला काय आणि फास्ट सिग्नल कपॅसिटरनं भागला काय, उत्तर एकच. मला हे फार सुंदर वाटतं, एवढ्या एका ओळीत सगळा विषय आहे.

पण पॉटवर हे करता येत नाही. पॉट जरा फिरवला की R1 आणि R2 चं गुणोत्तर बदलतं आणि कपॅसिटरचं आहे तिथंच राहतं, म्हणजे एकाच जागी जमणार बाकी सगळीकडं बिघडणार. म्हणून चांगल्या सीआरओत इनपुटला कट-कट करत फिरणारा स्विच आला आणि प्रत्येक पायरीला स्वतःचे रेझिस्टर, स्वतःचे ट्रिमर. हावर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये टेक्ट्रॉनिक्स सुरू केली, १९४७ मध्ये त्यांचा ५११ आला, त्यातल्या ट्रिगर्ड स्वीपमुळं पल्सचा कोपरा पडद्यावर स्थिर उभा राहायला लागला, आणि कोपरा नीट दिसायला लागला की तो बिघडलेला पण नीट दिसायला लागला.

आता दहास एकची पायरी घेऊ. वर ९०० किलोओहम, खाली १११ किलोओहम. हा १११ आकडा विचित्र वाटतो पण त्याला पॅरलल पुढच्या स्टेजचा १ मेगाओहम असतो, दोन्ही मिळून १०० किलोओहम, म्हणजे बाहेरून बघितलं तर परत १ मेगाओहमच. खाली सगळं धरून ९० पिकोफॅराड असेल तर वर त्याच्या नवव्या हिश्शाचं लागणार, १० पिकोफॅराड.

तो वरचा ट्रिमर १२ वर गेला तर? स्क्वेअर वेव्ह चढते त्या क्षणी फक्त कपॅसिटर भागतात, १२ भागिले १०२, म्हणजे ०.११८, आणि नंतर सावकाश रेझिस्टरच्या ०.१ वर येतं. जवळजवळ १८ टक्के ओव्हरशूट, आणि खाली यायचा टाइम कॉन्स्टंट साधारण ९ मायक्रोसेकंद. उलट ८ वर ठेवला तर सुरुवात ०.०८२ वर होते, मग वर चढत जातं, कोपरा गोल.

इथं एक फसवणूक आहे, चांगले चांगले फसतात. हे अ‍ॅडजस्टमेंट १ मेगाहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हवर केलं तर अर्धा पिरियड ०.५ मायक्रोसेकंदाचाच, ९ मायक्रोसेकंदाची घसरण दिसायला वेळच मिळत नाही, वेव्ह जवळपास चौकोनी दिसते पण उंची १८ टक्के चुकीची! म्हणून १ किलोहर्ट्झ घ्यायची, तिथं अर्धा पिरियड ५०० मायक्रोसेकंद, कोपरा पण दिसतो आणि सपाट भाग पण. आणि ट्रिमर प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनंच फिरवायचा, लोखंडी लावला की त्याचीच कपॅसिटी ॲड होते, लावलेला असताना वेव्ह चौकोनी आणि काढला की बिघडली.

आता दुसरा ट्रिमर. तो प्रोबमुळं आला, म्हणजे सर्किटवर टेकवून सिग्नल सीआरओपर्यंत आणायच्या केबलमुळं. दहास एकच्या प्रोबच्या टोकाला ९ मेगाओहम असतो आणि त्याच्यासाठी डिव्हायडरचा खालचा भाग म्हणजे केबल आणि सीआरओचं इनपुट. केबल ८० आणि इनपुट २० धरलं तर १०० पिकोफॅराड, त्याला प्रोबमध्ये साधारण ११ लागतात. (नुसती केबल फास्ट पल्सला घंटीसारखी रिंग व्हायची, त्यावर टेक्ट्रॉनिक्सच्या कोबी आणि पोलिट्स यांनी केबलची मधली तारच मुद्दाम रेझिस्टन्सवाली केली, पेटंट १९५९ चं आहे.) पण इनपुट सगळ्या रेंजला २० राहायला पाहिजे ना. वरच्या उदाहरणात १० आणि ९० सिरीजमध्ये म्हणजे ९ च होतात, मग इनपुटला ११ चा ट्रिमर पॅरलल टाकून २० पुरे करायचे. हाच तो दुसरा ट्रिमर, आणि हा नसता तर रेंज बदलली की दरवेळी प्रोब परत सेट करायला लागला असता.

हा बिघडलेला ओळखायचा कसा तर प्रोब ५ मिलिव्होल्टच्या रेंजला सेट करा, एकदम चौकोनी करा, मग सिग्नल वाढवून १ व्होल्टच्या रेंजला जा. तिथं इनपुट २० ऐवजी २६ असेल तर सुरुवात ५ टक्के कमी पडते आणि कोपरा गोल दिसतो. इथं लोक म्हणतात प्रोब गेला, नवीन आणतात, त्यानंही तेच होतं. प्रोब बरोबर असतो भावा, डब्यातला ट्रिमर हललेला असतो.

क्रम पण महत्त्वाचा. आधी प्रोब न लावता स्क्वेअर वेव्ह थेट सॉकेटला देऊन पहिला ट्रिमर, कारण तो फिरवला की इनपुटची कपॅसिटी पण थोडी हलते. मग प्रोब लावून दुसरा. थेट जनरेटरवर दुसऱ्या ट्रिमरनं आकारात काहीच फरक पडत नाही, जनरेटरचा इम्पीडन्स इतका कमी की त्याला ते ११ पिकोफॅराड जाणवतच नाहीत, आणि फरक दिसत नाही म्हणून लोक तो गरागरा फिरवून तसाच सोडतात.

आणि कधी कधी दोन्ही ट्रिमर फिरवून दमलो तरी कोपऱ्यानंतर एक लांब, आळशी वाकडेपणा राहतो. ट्रिमर एकच टाइम कॉन्स्टंट सुधारतो, आणि बोर्डाच्या फायबरची स्वतःची कपॅसिटी फ्रीक्वेन्सीप्रमाणं बदलत असेल तर ते त्याच्या हातात नाही. जुने लोक याला हुक म्हणायचे. आपल्याकडं जुलै-ऑगस्टला आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही, तेव्हा ओल धरलेल्या स्विचवर असला वाकडेपणा वाढलेला मी बघितलाय. अशा वेळी ट्रिमरला हात लावायचा नाही, स्विच आयसोप्रोपाइलनं धुवायचा, नीट वाळवायचा आणि मगच वेव्ह परत बघायची.