०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च: निकाल कशावरून लावायचा

काही जण तारखेत दिवस आधी लिहितात, काही जण महिना, हे सगळ्यांना माहीत आहे. २५/०४ वाचताना कुणी अडत नाही. ०७/०७ कसंही वाचलं तरी तेच. वर्ष आधी आणि मध्ये आडवी रेघ असेल, जसं २०२१-०४-०३, तर पुढचा क्रम महिना-दिवस असाच धरावा. महिना अक्षरांत असेल तर प्रश्नच मिटला. उरतात त्या दोन्ही आकडे बारा किंवा त्याहून कमी आणि एकमेकांपेक्षा वेगळे असलेल्या तारखा. वर्षात अशा १३२ निघतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त.

या १३२ तारखांचा निकाल लावताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते. लोक कागदावर तेरा किंवा त्याहून मोठा आकडा शोधतात. तो पहिल्या जागी सापडला की अख्खा कागद ‘दिवस-आधी’ ठरवतात आणि त्यावरच्या सगळ्या तारखा त्याच साच्यात ओततात. त्या आकड्यावरून फक्त एवढंच कळतं, की ती एक तारीख ज्याने उमटवली तो दिवस आधी लिहितो. त्याच कागदावरचा रबरी शिक्का दुसऱ्या कचेरीचा असतो, बिल तिसऱ्याच्या संगणकातून छापलेलं असतं आणि खालचा शेरा चौथ्याच्या हातचा असतो. क्रम ठरवायचा तो प्रत्येक उगमाचा. एकट्या तारखेचा वेगळा ठरवू नये आणि संपूर्ण कागदाचा एकदम तर कधीच नाही. म्हणून आधी कागदावरच्या तारखा छापील, शिक्क्याच्या आणि हस्ताक्षरातल्या अशा वेगळ्या करायच्या. हस्ताक्षरं दोन असतील तर त्यांचेही दोन गट.

एक नमुना घेऊ. एक बिल आहे. त्यावर छापलंय: तारीख ०२/०३/२०२१, मुदत ३० दिवस, देय तारीख ०३/०५/२०२१. कोपऱ्यात आवक शिक्का आहे ११/०२/२०२१. तळाशी पेनाने शेरा आहे: ‘पैसे दिले, सोम. ०५/०४/२१’. स्कॅन केलेल्या फाइलच्या माहितीत `CreationDate` आहे `D:20210618...`, म्हणजे १८ जून २०२१. पीडीएफमध्ये या नोंदीचा क्रम वर्ष-महिना-दिवस असा ठरलेला असल्यामुळे तिथे संदिग्धता नाही.

आधी छापील जोडी. दिवस आधी धरला तर २ मार्च ते ३ मे, म्हणजे ६२ दिवस होतात. महिना आधी धरला तर ३ फेब्रुवारी ते ५ मार्च, म्हणजे बरोबर ३०. बिल छापणारा संगणक महिना आधी लिहितो, हे इथे ठरलं.

मग शिक्का. बिलाचाच क्रम लावला तर २ नोव्हेंबर २०२१ येतो, पण कागद जूनमध्येच स्कॅन झालेला आहे. तेव्हा शिक्का ११ फेब्रुवारीचा, म्हणजे दिवस-आधी. बिल निघाल्यावर आठ दिवसांनी आवक झाली, हेही जुळतं.

राहिला शेरा. ५ एप्रिल आणि ४ मे या दोन्ही तारखा आवकेनंतरच्या, स्कॅनच्या आधीच्या आणि मुदत उलटून गेल्यावरच्या आहेत. घटनांच्या क्रमावरून इथे काहीच हाती लागत नाही. वार मात्र निकाल देतो: ५ एप्रिल २०२१ ला सोमवार होता, ४ मे ला मंगळवार. म्हणजे एकाच पानावर तीन उगम आणि दोन वेगळे क्रम. पानाला एकच क्रम लावला असता तर काहीतरी हमखास चुकलं असतं.

‘सोम.’ हा शब्द नसता तर? शेरा आणि शिक्का एकाच कचेरीतले दिसतात, म्हणून ५ एप्रिल असण्याची शक्यता जास्त, इतकंच म्हणता आलं असतं. तो पुरावा नव्हे. पुरावा तोच, ज्यामुळे दोनपैकी एक वाचन अशक्य ठरतं. ‘हे वाचन जास्त बरं वाटतं’ याला माझ्या लेखी किंमत नाही. कागदाची भाषा, चलन किंवा पत्त्यातला देश यावरून फार तर अंदाज बांधता येतो. इंग्रजी कागदात दोन्ही क्रम चालतात, तिरक्या रेघेवरून काहीच कळत नाही, आणि परदेशी बनावटीची प्रणाली स्थानिक बिलं महिना-आधी छापत असते.

वार हा उत्तम साक्षीदार खरा, पण काही जोड्यांत तो मुका होतो. ३ आणि १२, ५ आणि ९, ७ आणि ११ या जोड्यांच्या दोन्ही वाचनांना दर वर्षी एकच वार येतो. ९ मे २०२१ रविवार, ५ सप्टेंबर २०२१ सुद्धा रविवार. आणखी काही जोड्यांचं असं होतं, पण त्या लीप वर्षात वेगळ्या आणि इतर वर्षी वेगळ्या. त्यामुळे दोन्ही वाचनांचे वार काढून बघायचे, एकाचाच जुळला म्हणून थांबायचं नाही.

स्कॅनची तारीख ही फक्त वरची मर्यादा आहे आणि तीही यंत्राचं घड्याळ बरोबर असेल तरच. त्याच गठ्ठ्यातल्या इतर फाइलींशी ती ताडून पाहावी. शिवाय पुढची तारीख टाकायची प्रथाच असलेल्या नोंदी, म्हणजे देय तारीख किंवा वैधता, या मर्यादेत येत नाहीत.

आणि तो तेरा किंवा त्याहून मोठा आकडा चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या ओसीआरने दिला असेल तर मूळ चित्र उघडून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नये. एकाचा सात होतो, शून्याचा सहा होतो. अख्ख्या उगमाचा निकाल ज्या एका आकड्यावर टेकलाय, तो डोळ्यांनी पाहायलाच हवा.

यापुढचा घोळ सॉफ्टवेअरचा आहे आणि तो जास्त त्रासदायक, कारण तो दिसत नाही. पायथनमधलं हे बघा:

```python
from dateutil import parser
parser.parse("12/02/2021")  # 2 डिसेंबर
parser.parse("13/02/2021")  # 13 फेब्रुवारी
```

लागोपाठचे दोन दिवस, पण उत्तरांत साडेनऊ महिन्यांहून जास्त अंतर. महिना तेरा असू शकत नाही म्हणून दुसऱ्या ओळीत क्रम गुपचूप उलटला आणि सूचना काहीच नाही. `dayfirst=True` दिल्याने फक्त पसंती बदलते. `02/13/2021` दिलं तर तेही निमूट १३ फेब्रुवारीच होतं, म्हणजे चुकीच्या गटात टाकलेली तारीख पकडली जात नाही. उगमाचा क्रम ठरला की `datetime.strptime(s, "%d/%m/%Y")` वापरा. न बसणारी तारीख आली की ते अडतं, आणि ते अडायलाच हवं. एक्सेलमध्ये हाच घोळ ओळखायची खूण सोपी आहे: स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या तारखा म्हणून वाचल्या गेल्यात आणि डावीकडच्या मजकूर म्हणून पडून आहेत. अशा वेळी उजवीकडच्यांवर संशय घ्यायचा, डावीकडच्या निदान मूळ रूपात शाबूत असतात.

नोंद करताना चार रकाने ठेवावेत: कागदावर दिसतं ते जसंच्या तसं, उगम, ठरवलेली तारीख आणि कशावरून ठरवली ते. पुरावा नसेल तर तिसरा रकाना रिकामा ठेवून चौथ्यात दोन्ही शक्यता लिहाव्यात. पुढे त्याच उगमाचा दुसरा कागद हाती लागला आणि त्यावर २३/०४ असं स्वच्छ दिसलं, तर रिकामे रकाने एका बैठकीत भरता येतात. अंदाजाने भरलेले मात्र नंतर खऱ्यांतून वेगळे काढता येत नाहीत.