ब्रश सैल दिसला की लगेच 'इम्प्रेशनिस्ट'?

आमच्या सोलापुरात जुन्या घरातून एखादं तैलचित्र निघालं आणि त्यात ब्रशचे फटकारे दिसले की 'इम्प्रेशनिस्ट आहे' असं कुणीतरी म्हणतंच. मागे एका ओळखीच्यांकडे सिद्धेश्वर तलावाचं संध्याकाळचं चित्र निघालं, सही नाही, तारीख नाही, पण फ्रेममागे पेन्सिलने हाच शब्द लिहिलेला. हा शब्द इतका सैल कसा झाला ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

1874 ला पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवलं, तिथल्या एका चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने टोमणा म्हणून हा शब्द वापरला आणि तोच चिकटला. आता गंमत बघा, सैल ब्रश तेव्हा नवा नव्हताच. अकादमीत, म्हणजे तिथल्या प्रस्थापित कलाशाळेत, शिकलेले लोकसुद्धा आधी झपाझप रंगवलेलं छोटं स्केच करायचे, फक्त ते स्टुडिओत राहायचं आणि प्रदर्शनात जायचं ते घोटून गुळगुळीत केलेलं काम. भांडण होतं ते असं सैल काम 'पूर्ण' म्हणून भिंतीवर टांगायचं का, यावर. म्हणून नुसत्या फटकाऱ्यांवरून काहीच ठरत नाही.

माझ्या मते खरी ओळख सावलीत असते. अकादमीच्या पद्धतीत आधी तपकिरी रंगाने उजेड-अंधार बसवून घेतात, सावली पातळ आणि काळपट ठेवतात, जाड रंग फक्त उजेडावर चढवतात. इम्प्रेशनिस्टांनी सावलीतही निळा, जांभळा, हिरवा असे सुटे रंग शेजारी-शेजारी ठेवले आणि काळा बहुतेक टाळला.

तलावाच्या त्या चित्रात पाण्यावरचा उजेड जाडजूड, सोनेरी, पण मंदिराखालची सावली सरळ तपकिरी, इतकी पातळ की कॅनव्हासची वीण दिसते. मंदिर बरोब्बर मध्ये, दोन्ही बाजूंना झाडं पडद्यासारखी, इम्प्रेशनिस्टांसारखं कडेला काहीच अर्धवट कापलेलं नाही. म्हणजे घडण अकादमीची, हात तेवढा मोकळा.

मग काळ कुठला? इथेच लोक शैली आणि काळ एकच धरतात. मुंबईत 1857 पासून ब्रिटिश वळणाचं कलाशिक्षण सुरू झालं आणि अकादमीची ती पद्धत आपल्याकडे पुढे कितीतरी दशकं चालली, पॅरिसात तोवर इम्प्रेशनिझम जुना होऊन 1910 ला लंडनच्या प्रदर्शनासाठी त्याच्या पुढच्या चित्रकारांच्या कामाला 'पोस्ट-इम्प्रेशनिझम' हे नावसुद्धा पडलं होतं. तसं चित्र कुणी आजही रंगवू शकतो, त्यामुळे शैली बघून हाताला मिळालेलं शिक्षण कळतं, साल नाही.

त्या फ्रेममागे आता 'निसर्गचित्र, अकादमी वळण, सैल हात, साल अनिश्चित' असं लिहिलंय. जुना पेन्सिलचा शब्द मात्र खोडला नाही, कुणी कधी काय म्हटलं होतं तेही पुढच्याला दिसायला हवं.